डेमो लेक्चरनंतर विभागप्रमुखांना काय लिहावे?

ऐरोली, वाशी, नेरूळ आणि बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतात, खारघर आणि पनवेल रायगडमध्ये. या सगळ्या पट्ट्यातली बहुतेक महाविद्यालये मात्र एकाच मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. शैक्षणिक वर्ष सुरू होण्याच्या सुमारास इथल्या विभागांत शिक्षकभरतीची धावपळ असते. जाहिरात येते, कागदपत्रे तपासली जातात, फळ्यासमोर दहा-पंधरा मिनिटांचे डेमो लेक्चर होते आणि शेवटी ‘कळवतो’ एवढे ऐकून उमेदवार बाहेर पडतो. त्यानंतर विभागप्रमुखांना काही लिहावे का, लिहायचे तर काय, आणि त्या लिहिण्याने नेमके काय बदलते, या प्रश्नांचा हा आढावा आहे.

याबाबत उमेदवारांना दोन टोकांचे सल्ले मिळतात. काही जण म्हणतात, आभाराची मेल लगेच टाकावी, चांगले दिसते. काही म्हणतात, काहीच लिहू नये, तो दबाव समजला जातो. दोन्ही सल्ले अपुरे आहेत, कारण निवड कोणत्या पदासाठी आहे आणि ती करते कोण, हे त्यात धरलेलेच नाही. म्हणून आधी तेच पाहू.

नियमित पद: निर्णय त्याच दिवशी

पूर्णवेळ नियमित सहायक प्राध्यापकाची निवड यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीनुसार होते. महाविद्यालयाच्या निवड समितीत नियामक मंडळाचे अध्यक्ष किंवा त्यांचे प्रतिनिधी, प्राचार्य, विभागप्रमुख, कुलगुरूंचे दोन प्रतिनिधी आणि महाविद्यालयाशी संबंध नसलेले दोन विषयतज्ज्ञ असतात. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, महिला किंवा दिव्यांग उमेदवार असल्यास त्या वर्गाचे प्रतिनिधित्व करणारे एक शिक्षणतज्ज्ञही घ्यावे लागतात. म्हणजे विभागप्रमुख हे सात-आठ जणांपैकी एक सदस्य असतात.

पदवी, पदव्युत्तर गुण, पीएच.डी., नेट किंवा सेट, शोधनिबंध आणि अनुभव यांचे 100 पैकी गुण काढले जातात, पण महाविद्यालयांच्या बाबतीत ते फक्त मुलाखतीला कोणाला बोलवायचे हे ठरवण्यासाठी असतात. पुढची निवड मुलाखतीतल्या कामगिरीवर होते. शिकवण्याची क्षमता वर्गातल्या व्याख्यानातून किंवा चर्चासत्रातून जोखण्याची तरतूदही या नियमावलीत आहे. डेमो लेक्चरला एवढे वजन का असते, याचे कारण इथे आहे. कागदावर दहा गुणांनी पुढे असलेला उमेदवार खडू हातात घेतल्यावर मागे पडू शकतो.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची तरतूद पुढची आहे. समितीचे काम बैठकीच्या दिवशी, किंवा बैठक अनेक दिवस चालली तर शेवटच्या दिवशी, पूर्ण व्हायला हवे. त्याच दिवशी इतिवृत्त लिहून सर्व सदस्यांच्या सह्या व्हायला हव्यात. याचा अर्थ सरळ आहे. उमेदवार संध्याकाळी हार्बर लाइनची गाडी पकडून घरी पोहोचतो तेव्हा शिफारस कागदावर आलेली असते. दुसऱ्या दिवशीच्या पत्राने ती बदलत नाही, आणि बदलू नये. अशा वेळी विभागप्रमुखांना ‘माझा विचार व्हावा’ असे लिहिणे म्हणजे त्यांच्या हातात नसलेली गोष्ट मागणे. बहुतेक जाहिरातींत शिफारस किंवा दबाव आणणारा उमेदवार अपात्र ठरेल अशी ओळ असते. ती गंभीरपणे घ्यावी.

नियमित पदासाठी काही विचारायचेच असेल तर ते प्राचार्यांना उद्देशून, कार्यालयाच्या पत्त्यावर विचारावे: निकाल कसा कळवला जाईल, प्रतीक्षा यादी आहे का, विद्यापीठाच्या मान्यतेसाठी आणखी कागद लागतील का. या वाटेवर विभागप्रमुखांना लिहिण्यासारखे एकच कारण उरते, शिकवण्यात राहिलेली चूक. त्याकडे पुढे येऊ.

तासिका तत्त्व आणि विनाअनुदानित तुकड्या

डेमो लेक्चर देणाऱ्या अनेकांचा अनुभव दुसऱ्या वाटेचा असतो. तासिका तत्त्वावरची, म्हणजे सगळे जिला सीएचबी म्हणतात ती नेमणूक, किंवा विनाअनुदानित अभ्यासक्रमावरची ठोक पगाराची नेमणूक. इथे स्थानिक पातळीवर निवड होते, समिती लहान असते आणि विभागप्रमुखांच्या मताला मोठे वजन असते. शिवाय निर्णय एका बैठकीत संपत नाही. प्रवेश किती झाले, तुकडी मंजूर झाली का, आधीचे शिक्षक परत येणार का, यावर तासिकांची संख्या हलत राहते. आज ‘जागा नाही’ म्हणणाऱ्या विभागाला आठवड्याने सहा तासिका मोकळ्या सापडतात.

अशा वेळी विभागप्रमुखांसमोर वर्कलोडचा तक्ता आणि अर्धवट भरलेले टाइमटेबल असते. नव्या शैक्षणिक धोरणाची रचना मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून पदवीच्या पहिल्या वर्षाला लागू झाली. मुख्य आणि दुय्यम विषयांच्या जोडीला खुले निवडक विषय, कौशल्याचे पेपर, भारतीय ज्ञानप्रणाली, मूल्यशिक्षण असे तुकडे आले. पूर्वी एका शिक्षकाला एका विषयाचे दोन-तीन पेपर दिले की काम भागायचे. आता दोन श्रेयांकांचे सुटे पेपर कोणाच्या तरी नावावर लावायचे असतात. त्यामुळे विभागप्रमुखांना चांगले कोण शिकवते याइतकेच हेही हवे असते: कोणते पेपर कोण घेईल, कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी आणि कधीपासून.

डेमो लेक्चरमध्ये यातले काहीच समोर येत नाही. तिथे एक विषय आणि पंधरा मिनिटे दिसतात. नंतरचे पत्र खरोखर उपयोगी पडते ते याच जागी. जी माहिती विभागप्रमुखांना टाइमटेबल लावताना लागणार आहे, ती मागण्याआधी त्यांच्यापर्यंत पोहोचते.

एक उदाहरण

हे नीट कळावे म्हणून एक काल्पनिक प्रसंग घेऊ. वाशीच्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्राच्या सीएचबी जागेसाठी एक उमेदवार डेमो देते आहे. विषय मागणीची लवचीकता, समोर प्रथम वर्ष वाणिज्यचे काही विद्यार्थी, मागच्या बाकावर विभागप्रमुख आणि आणखी दोन शिक्षक.

तिने कॅन्टीनमधला वडापाव घेतला. किंमत 20 रुपयांवरून 25 झाली आणि रोजची विक्री 100 वरून 80 वर आली. किंमत 25 टक्क्यांनी वाढली, मागणी 20 टक्क्यांनी घटली. 20 भागिले 25, म्हणून लवचीकता 0.8. एकपेक्षा कमी, म्हणून मागणी कमी लवचीक. फळा स्वच्छ, आवाज मागच्या बाकापर्यंत पोहोचणारा, सगळे व्यवस्थित चालले होते.

तेवढ्यात एका मुलाने विचारले, ‘मॅडम, किंमत परत 20 वर आणली तर लवचीकता तीच राहील ना?’ घाईत ती म्हणाली, ‘हो, तीच राहील.’ आणि पुढे गेली.

हे उत्तर चूक होते. 25 वरून 20 वर येताना किंमत 20 टक्क्यांनी घटते, कारण आता पाया 25 आहे. विक्री 80 वरून 100 होते, म्हणजे 25 टक्क्यांनी वाढते. लवचीकता 1.25 येते. तीच दोन टोके, तोच वडापाव, पण एका दिशेने मागणी कमी लवचीक आणि दुसऱ्या दिशेने जास्त लवचीक. यातून मार्ग काढण्यासाठी मध्यबिंदू पद्धत वापरतात. पाया म्हणून सुरुवातीची किंमत न घेता दोन्ही किमतींची सरासरी घ्यायची, 22.50, आणि दोन्ही विक्रींची सरासरी, 90. मग किमतीतला बदल 5 भागिले 22.50 आणि मागणीतला बदल 20 भागिले 90. दोन्ही सुमारे 22.2 टक्के. लवचीकता बरोबर 1.

याचा ताळाही तिथल्या तिथे मिळतो. 20 रुपयांना 100 वडापाव विकले तरी गल्ला 2000, आणि 25 ला 80 विकले तरी 2000. किंमत बदलूनही एकूण विक्रीची रक्कम बदलत नाही, तेव्हा त्या टप्प्यात लवचीकता एक असते. पुस्तकातला नियम आणि कॅन्टीनचा हिशेब इथे एकाच आकड्यावर येतात.

मागच्या बाकावरच्या तिघांपैकी किमान एकाच्या तरी ही चूक ध्यानात आली असणार. ती त्यांनी तिथे दाखवली नाही, एवढेच. उमेदवाराला ती घरी जाताना लक्षात आली. आता तिच्यासमोर दोन मार्ग आहेत: गप्प राहायचे आणि कोणी पाहिले नसेल असे मानायचे, किंवा चूक स्वतःहून दुरुस्त करायची. दुसरा मार्ग योग्य आहे, आणि त्याचे कारण नोकरीपुरते नाही. प्रश्न विचारणाऱ्या मुलाकडे चुकीचे उत्तर गेले आहे. ते दुरुस्त करणे हे शिक्षकाचे काम आहे, मग ती त्या महाविद्यालयात रुजू होवो वा न होवो.

पत्राचा मसुदा

ते पत्र साधारण असे असावे:

‘प्रति,
विभागप्रमुख, अर्थशास्त्र विभाग.

आदरणीय मॅडम,

काल प्रथम वर्ष वाणिज्यच्या वर्गात मागणीची लवचीकता या विषयावर डेमो लेक्चर देण्याची संधी दिलीत, त्याबद्दल आभार.

किंमत पुन्हा 20 वर आणली तर लवचीकता तीच राहील का, या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला मी ‘हो’ असे उत्तर दिले. ते चुकीचे होते. परतीच्या दिशेने ती 1.25 येते. मध्यबिंदू पद्धतीने दोन्ही दिशांना 1 येते, आणि दोन्ही किमतींना एकूण विक्री 2000 रुपयेच राहते, हा त्याचा पडताळा. अर्ध्या पानाचे टिपण सोबत जोडले आहे. योग्य वाटल्यास ते त्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवावे, ही विनंती.

सूक्ष्म अर्थशास्त्र, भारतीय अर्थव्यवस्था आणि प्रथम वर्षाचा खुला निवडक विषय हे पेपर मी घेऊ शकेन. सोमवार ते गुरुवार सकाळी 7 ते 12 या वेळेत उपलब्ध आहे. आधीच्या महाविद्यालयाचे अनुभव प्रमाणपत्र मिळाले असून सेटच्या प्रमाणपत्रासह त्याची प्रत एकाच पीडीएफमध्ये जोडली आहे.

आपली विश्वासू,’

खाली नाव, फोन नंबर, मुलाखतीची तारीख. बस, एवढेच. पत्र एका पानात संपते आणि त्यातल्या प्रत्येक परिच्छेदाला काम आहे. पहिल्याने विभागप्रमुखांना नेमका उमेदवार आठवतो. एका दिवसात बरेच डेमो झाले असतील तर विषय आणि वर्ग सांगणे गरजेचे असते. दुसऱ्याने वर्गातली उणीव भरून निघते. तिसऱ्याने टाइमटेबलची रिकामी जागा भरायला मदत होते.

चूक झालीच नसेल तर दुसरा परिच्छेद ओढूनताणून लिहू नये. वेळेअभावी राहिलेला एखादा मुद्दा, परीक्षकांनी विचारलेल्या प्रश्नाचे नेमके उत्तर किंवा त्या घटकाचा चार तासिकांचा आराखडा तिथे येऊ शकतो. आराखड्यात प्रत्येक तासिकेला काय शिकवणार, कोणते उदाहरण सोडवून घेणार आणि शेवटी विद्यार्थ्यांना काय यायला हवे, एवढे असले तरी चालते. यातले काहीच नसेल तर पहिला आणि तिसरा परिच्छेद पुरे.

काय लिहू नये

जी पत्रे बाजूला पडतात त्यांत काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. पहिली, स्वतःच्या पात्रतेची पुन्हा यादी. ती अर्जात आहेच. दुसरी, समितीतल्या एखाद्या सदस्याने डेमोनंतर केलेल्या कौतुकाचा उल्लेख. त्याने तो सदस्यही अडचणीत येतो आणि विभागप्रमुखही. तिसरी, संस्थेच्या एखाद्या पदाधिकाऱ्याशी असलेली ओळख. कितीही नम्रपणे लिहिली तरी ती दबाव म्हणूनच वाचली जाते. चौथी, तक्रारीचा सूर: प्रोजेक्टर बंद होता, वेळ कमी दिला, मुले बोलत होती. प्रोजेक्टर बंद असताना उमेदवाराने खडूवर काम कसे निभावले, हेच तर मागच्या बाकावरून पाहिले जात असते.

मानधनाचा प्रश्न या पत्रात नको. तो विचारायला हवाच, पण प्राचार्यांना किंवा कार्यालयाला, आणि नेमणुकीचा प्रस्ताव आल्यावर. तेव्हा मात्र लेखी विचारावा: दर तासिकेला किती, परीक्षेच्या कामाचे वेगळे मिळते का, सुट्टीच्या काळात काय, पैसे कोणत्या महिन्यात जमा होतात. सीएचबीवर तोंडी आश्वासनावर रुजू झालेल्या शिक्षकाकडे नंतर दाखवायला कागद नसतो.

आणखी एक मर्यादा उमेदवाराने स्वतः पाळावी. पत्रासोबत अर्ध्या पानाचे टिपण देणे वेगळे आणि पूर्ण घटकाच्या नोट्स किंवा स्लाइड्स देणे वेगळे. ‘आणखी दोन-चार लेक्चर घेऊन बघा, मग ठरवू’ असे कोणी म्हटले, तर ते डेमो राहत नाही, तो वर्कलोड होतो. त्यासाठी नेमणूकपत्र मागण्यात काही गैर नाही.

वेळ आणि माध्यम

सीएचबीच्या वाटेवर पत्र दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जावे. डेमोच्याच दिवशी पाठवले तर घाई दिसते, आणि तीन-चार दिवसांनी टाइमटेबल दुसऱ्याच्या नावाने लागलेले असू शकते. मुलाखतीचे बोलावणे ज्या मेलवरून आले त्याच मेलला उत्तर द्यावे. त्यात तारीख आणि पदाचे नाव आपोआप राहते. मुंबई परिसरात अनेक विभागप्रमुख मुलाखतीची वेळ स्वतःच्या व्हॉट्सअॅपवरून कळवतात. तिथे ‘मॅडम, मेल पाठवली आहे’ अशी एक ओळ पुरे, तीही कार्यालयीन वेळेत. लांब मजकूर, व्हॉइस नोट, रात्री नऊनंतरचा संदेश टाळावा.

भाषा विभागाप्रमाणे ठरवावी. मराठी, इतिहास, समाजशास्त्र अशा विभागांत मराठी पत्र सहज चालते. इतरत्र इंग्रजीचा प्रघात आहे. भाषा कोणतीही असो, संबोधन ‘सर’ किंवा ‘मॅडम’ हेच असावे, जुनी ओळख असली तरी.

उत्तर आले तर ते नीट वाचावे. ‘छान झाले लेक्चर’ यातून काहीच कळत नाही. ‘शनिवारी येऊ शकाल का?’, ‘मूळ प्रमाणपत्रे कधी दाखवाल?’, ‘आधीच्या ठिकाणचे कार्यमुक्तीपत्र आहे का?’ असे प्रश्न आले, तर नाव विचारात आहे. त्यांना त्याच दिवशी उत्तर द्यावे आणि खरेच द्यावे. शनिवार जमत नसेल तर जमत नाही असे सांगावे. सत्र सुरू झाल्यावर तासिका सोडणारा शिक्षक विभागाला सगळ्यात महाग पडतो, आणि नवी मुंबईतले विभागप्रमुख एकमेकांना ओळखतात.

उत्तर आले नाही तर साधारण आठवड्याने एकच स्मरणपत्र, दोन ओळींचे. त्यानंतर विभागप्रमुखांना पुन्हा लिहू नये, कार्यालयात चौकशी करावी. नियमित पदाच्या निवडीत स्वतःचे गुण किंवा निवडीची स्थिती कळत नसेल, तर अनुदानित महाविद्यालयात माहिती अधिकाराचा मार्ग आहे. शासनाच्या निधीवर मोठ्या प्रमाणात चालणारी खासगी महाविद्यालये 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली येतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डीएव्ही कॉलेज ट्रस्टच्या प्रकरणात 2019 मध्ये दिला. अर्जाला 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. हा मार्ग नोकरी मिळवण्याचा नाही, काय झाले ते जाणून घेण्याचा आहे. म्हणून तो विभागप्रमुखांच्या पत्रात धमकी म्हणून कधीही येऊ नये.

निष्कर्ष

नियमित पदावर पत्राने निवड बदलत नाही. तिथे ते फक्त शिकवण्यातली चूक दुरुस्त करण्यासाठी लिहावे. सीएचबी आणि विनाअनुदानित जागांवर पत्राने फरक पडू शकतो, कारण तिथे विभागप्रमुखांना अजून जागा भरायची असते आणि पत्रातला पेपर, दिवस, वेळ त्यांच्या कामाचा असतो. दोन्हीकडे नियम एकच: पत्रात शिकवण्याचे बोलावे, नोकरीचे मागणे आणू नये.

आणि शेवटची विनंती विभागप्रमुखांना. डेमोसाठी आलेला उमेदवार अनेकदा दुसऱ्या महाविद्यालयातली तासिका बुडवून, त्या तासिकेचे मानधन सोडून येतो. त्याच्या पत्राला ‘या सत्रात जागा नाही’ एवढे दोन ओळींचे उत्तर द्या. त्याला पुढच्या महाविद्यालयाकडे वेळेत वळता येईल, आणि पुढच्या सत्रात तुम्हाला शिक्षक लागला तर तो पुन्हा तुमच्याकडे येईल.